मेलचं भाषांतर करून उत्तर दिलं, तर खालचा मूळ मजकूर कुठे जातो?

हळदोण्याची

नमस्कार मंडळी. आठवडाभर एका गोष्टीने झोप उडवली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या वडिलांचा जन्म 1954 चा, म्हणजे पोर्तुगीज काळातला. तो लिस्बनला नोंदवून घ्यायचं काम तिथल्या एका वकिलांमार्फत चालू आहे. ते पोर्तुगीजमध्ये मेल पाठवतात. आमच्या घरात आता पोर्तुगीज वाचणारं कोणी उरलं नाही. मी जीमेल लॅपटॉपवर उघडते, मेलवर राइट-क्लिक करून मराठी भाषांतर करते आणि इंग्रजीत उत्तर देते.

गेल्या मेलमध्ये त्यांनी तीन प्रश्न विचारले होते. मी उत्तर द्यायला घेतलं, खालचे तीन ठिपके दाबून त्यांचा मजकूर उघडला आणि प्रत्येक प्रश्नाखाली माझं उत्तर लाल अक्षरांत लिहिलं. ऑफिसात आम्ही असंच करतो, म्हणजे कुठल्या प्रश्नाला कुठलं उत्तर ते लगेच कळतं.

चार दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. त्याचा अर्थ असा, की तुमच्या मेलमध्ये माझ्या नावाखाली एका वेगळ्याच लिपीतला मजकूर आहे, तो मी लिहिलेला नाही. तुम्ही कशाला उत्तर देत आहात ते समजत नाही. मी सेंटमध्ये जाऊन बघितलं, तर खरंच त्यांचे प्रश्न मराठीत! वर त्यांचं नाव, तारीख, वेळ, आणि खाली मराठी.

मला वाटायचं भाषांतर फक्त माझ्या स्क्रीनवर दिसतं. मग ते उत्तरात कसं गेलं? आणि त्यांची मूळ मेल आता माझ्याकडे उरली आहे का, की तीही बदलली?

पेडण्याचो पावस

मूळ मेल कुठेही जात नाही ताई, निर्धास्त राहा. ती सर्व्हरवर असते तशीच असते. भाषांतर म्हणजे फक्त चष्मा. चष्मा लावला म्हणून पुस्तकातली अक्षरं बदलत नाहीत. त्यामुळे उत्तरातसुद्धा मूळ मजकूरच जातो. तुम्हाला सेंटमध्ये मराठी दिसतंय, कारण तिथेही तुमचा चष्मा चालूच आहे.

हळदोण्याची

पावसभाऊ, चष्मा माझ्या डोळ्यांवर असेल, पण मराठी लिस्बनमध्ये दिसलं ना. त्यांच्याकडे तर काही भाषांतर चालू नव्हतं.

सुरंगी

मला पण हेच हवं होतं! मी मराठीत लिहिते आणि पलीकडच्याला पोर्तुगीजमध्ये पोचायला हवं. यासाठी कुठलं बटण आहे? माझा भाचा पोर्तोला आहे, त्याच्या घरमालकिणीला मेल लिहायची आहे.

तांबडी माती

सुरंगीबाय, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तो लिहायच्या भाषांतराचा, इथे आलेल्या मेलच्या भाषांतराची गोष्ट चालली आहे. त्याकडे नंतर येतो.

हळदोण्याची ताई, पणजीत एका ऑफिसची मेल-व्यवस्था मी पंधरा वर्षं सांभाळतो आहे. हा घोळ मी डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून आधी एक विचारतो. तुम्ही भाषांतर केलंत तेव्हा फक्त मेलचा मजकूर मराठी झाला, की डावीकडचे इनबॉक्स, सेंट, ड्राफ्ट्स हे शब्दही मराठी झाले?

हळदोण्याची

सगळंच मराठी झालं. इनबॉक्सचंही काहीतरी झालं होतं. मला ती सोय वाटली.

तांबडी माती

मग उत्तर तिथेच आहे.

वेबमेलमध्ये भाषांतराची दोन वेगळी यंत्रं असतात आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पहिलं मेलवाल्यांचं स्वतःचं. जीमेलमध्ये ते मेलच्या वरच्या तीन ठिपक्यांच्या यादीत मिळतं, किंवा परकी भाषा ओळखली तर मेलच्या वर एक पट्टी येते. हे यंत्र फक्त त्या एका मेलच्या दाखवण्यावर काम करतं. तुम्ही रिप्लाय दाबला की जीमेल खालचा मजकूर साठवलेल्या मेलमधून घेतं, त्यामुळे तिथे पोर्तुगीजच येतं. पावसभाऊ म्हणतात तो चष्मा हा. इतक्यापुरतं त्यांचं बरोबर आहे.

दुसरं यंत्र ब्राउझरचं. क्रोममध्ये राइट-क्लिक करून `Translate to…` निवडता ते. त्याला मेल म्हणजे काय, रिप्लाय म्हणजे काय, काहीच माहीत नाही. त्याच्या लेखी सगळं एक पान. पानावर जिथे जिथे मजकूर सापडेल तिथे तो काढून भाषांतर बसवतं. म्हणून तर बटणंही मराठी झाली. आणि ते चालू आहे तोवर पानावर नव्याने आलेला मजकूरही बदलत राहतं. तुम्ही उत्तराच्या चौकटीत तीन ठिपके दाबून वकिलांचे प्रश्न उघडलेत, ते त्या पानावर नव्याने आले आणि त्यांचंही मराठी झालं. फरक इतकाच, की ही चौकट लिहायची आहे. तिच्यात जे आहे तेच पाठवलं जातं.

उत्तर ही एक स्वतंत्र नवी मेल असते. तिच्या पोटातला जुना मजकूर जुन्या मेलला दोरीने बांधलेला नसतो, ती फक्त नक्कल असते. चौकटीत नक्कल बदलली तर बदललेलीच जाते. वर वकिलांचं नाव आणि तारीख तशीच राहते आणि खाली त्यांनी न लिहिलेले शब्द येतात.

मूळ मेल मात्र शाबूत आहे. पान रिफ्रेश करा, भाषांतर बंद करा आणि इनबॉक्समधली त्यांची मेल उघडा. पोर्तुगीजच दिसेल.

पेडण्याचो पावस

मानलं. दोन चष्मे आहेत हे मला ठाऊक नव्हतं. पण माती सर, ब्राउझरचं भाषांतर चालू असताना मी कितीतरी उत्तरं दिली आहेत. कुणी तक्रार केली नाही.

तांबडी माती

बहुतेक तुम्ही तीन ठिपके उघडलेच नसतील. मी आज दुपारी स्वतःच्याच दोन खात्यांवर करून पाहिलं. ठिपके न उघडता वरच्या वर उत्तर लिहून पाठवलं, तेव्हा खाली मूळ भाषा गेली. ठिपके उघडून मध्ये लिहिलं, तेव्हा भाषांतर गेलं. माझ्याकडे दोनदा असंच झालं. ब्राउझरची आवृत्ती बदलली की हे बदलू शकतं, म्हणून त्यावर भरवसा ठेवू नका. पाठवायच्या आधी ठिपके उघडून नजर टाकावी, आणि तीही भाषांतर बंद करून.

वास्को धक्का

आमच्या शिपिंगच्या ऑफिसात आउटलुक आहे. ग्रीक, तुर्की, चिनी, सगळीकडून मेल येतात. तिथे मेलच्या वर भाषांतराची पट्टी येते, दाबलं की इंग्रजी दिसतं, परत दाबलं की मूळ. रिप्लाय केला की खाली मूळ भाषाच येते. माझी अडचण ताईंच्या नेमकी उलटी आहे. उत्तर साहेबांना सीसी केलं की साहेब म्हणतात, खाली काय लिहिलंय कळत नाही, भाषांतर का गेलं नाही? म्हणजे मला ते जायला हवं असतं आणि जात नाही.

तांबडी माती

वास्कोभाऊ, ते गेलं नाही हेच बरं. साहेबांना भाषांतर हवं असेल तर ते तुमच्या स्वतःच्या मजकुरात द्या. वर तुमचं उत्तर, त्याखाली एक ओळ ‘खालच्या मेलचं यंत्राने केलेलं भाषांतर, फक्त माहितीसाठी’, मग कॉपी केलेलं भाषांतर, आणि सगळ्यात खाली पाठवणाऱ्याचा मजकूर हात न लावता. मग कुणाचे शब्द कुणाचे, यावर वाद होत नाही. मेल तिसऱ्याकडे गेली तरी त्याला मूळही मिळतं.

वास्को धक्का

साहेबांना सगळ्यात वर काय असावं यावर मतं आहेत, पण करून बघतो.

रानमेवा

मी आयफोनवर वापरते, तिथलं सांगते. आलेल्या मेलमधला मजकूर निवडून `Translate` दाबलं, तर भाषांतर खालून वर येणाऱ्या वेगळ्या खिडकीत दिसतं, मेलला धक्का लागत नाही. पण रिप्लाय उघडून त्याच मजकुरावर तेच केलं, तर त्या खिडकीत एक जादा पर्याय येतो, `Replace with Translation`. तो दाबला की मूळच्या जागी भाषांतर बसतं. माझ्या नवऱ्याने हॉटेलच्या बुकिंगच्या मेलमध्ये हेच केलं होतं. पलीकडच्या बाईंनी विचारलं, ‘माझी फ्रेंच मेल तुम्ही इंग्रजी का केलीत?’ तेव्हा आम्हाला कळेना. आता कळलं. जिथे लिहिता येतं तिथेच तो पर्याय येतो.

तांबडी माती

अगदी नेमकं. वाचायची जागा आणि लिहायची जागा, हा सगळा प्रश्न त्या एका भेदाचा आहे.

सुरंगी

अहो, मग माझ्या भाच्याच्या घरमालकिणीला हेच चालेल! मी रिप्लायमध्ये मराठीत लिहायचं, निवडायचं आणि `Replace with Translation`. बरोबर ना?

रानमेवा

हो सुरंगीबाय, स्वतः लिहिलेल्यापुरतं चालेल, तुमच्या फोनच्या यादीत मराठी असेल तर. नसेल तर इंग्रजीत लिहा आणि त्याचं पोर्तुगीज करा. पण निवडताना फक्त तुमचा मजकूर निवडा. ‘सिलेक्ट ऑल’ करू नका, नाहीतर मालकिणीचंही बदलेल.

जुनी सही, मडगाव

माझं शिक्षण सेगुंद ग्रावपर्यंत पोर्तुगीजमध्ये झालं. मला यंत्रातलं फार समजत नाही, पण हळदोण्याच्या मुलीला एक विचारायचं आहे. त्या वकिलाचे तीन प्रश्न मराठीत तुला काय दिसले आणि तू काय उत्तर दिलंस? प्रश्न मराठीत गेले एवढ्यापुरती ही गोष्ट नसावी असं मला वाटतं.

हळदोण्याची

काका, लिहिते.

पहिला प्रश्न मराठीत असा दिसला: ‘जुन्या नोंदीत आहे तसे वडिलांचे नाव आणि टोपणनाव कळवा.’ मी लिहिलं, नाव अमुक, टोपणनाव बाबलो.

दुसरा: ‘जन्माची परिषद आणि’, पुढचा शब्द तसाच राहिला होता. मी आमच्या पंचायतीचं नाव दिलं.

तिसरा: ‘कागद दहा उपयोगी दिवसांत पाठवा.’ मी लिहिलं, होय, दहा दिवसांत पाठवते.

जुनी सही, मडगाव

मला हीच भीती होती.

बाय, पहिला शब्द ‘आपेलिदो’ असणार. पोर्तुगालात आपेलिदो म्हणजे आडनाव. ब्राझीलमध्ये मात्र त्याच शब्दाचा अर्थ टोपणनाव, आणि आडनावाला ते ‘सोब्रेनोमे’ म्हणतात. ब्राझीलची माणसं जास्त, त्यांचं लिहिलेलं जास्त, म्हणून यंत्र त्यांच्या बाजूला झुकलं असेल. वकिलाला आडनाव हवं होतं, आणि तेही ‘जुन्या नोंदीत आहे तसं’. गोव्यात या चार शब्दांना फार वजन आहे. आमच्याकडे प्रभू पोर्तुगीज कागदावर पोरोबो व्हायचे, कामत कामोतीम व्हायचे. आज आधारवर एक, जन्माच्या नोंदीत दुसरं. त्याला हीच तफावत तपासायची असणार, आणि त्याच्या हाती ‘बाबलो’ आलं.

दुसरा शब्द ‘कोन्सेल्यो’. उच्चाराने अगदी जवळचा दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ सल्ला किंवा परिषद. लिहिताना एका अक्षराचा फरक. इथे अर्थ तालुका. आमच्या वेळी बार्देस हा कोन्सेल्यो आणि हळदोणे ही फ्रेगेझिया, म्हणजे त्या तालुक्यातला गावाचा विभाग. न बदललेला शब्द तो फ्रेगेझियाच असेल. म्हणजे तुला बार्देस आणि हळदोणे लिहायचं होतं.

तिसरं, ‘दीयश उतैश’ म्हणजे कामाचे दिवस. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून दहा. तू दहा दिवस म्हणालीस, तिथे तुझंच नुकसान, मुदत जास्त होती.

हळदोण्याची

काका, हात थरथरायला लागले वाचून. आमचं आडनाव आज प्रभू आहे आणि आजोबांच्या एका कागदावर खरंच पोरोबो आहे. मी ते सांगितलंच नाही, कारण मला कुणी विचारलंच नाही असं वाटलं.

म्हापशाचो वकील

आता या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघा. चुकीचं भाषांतर होणं ही एक चूक. पण प्रश्न खाली पोर्तुगीजमध्ये राहिला असता, तर वकिलांना एका नजरेत दिसलं असतं: मी आडनाव विचारलं, बाई टोपणनाव देताहेत. त्यांनी लगेच दुरुस्ती केली असती. मूळ प्रश्नच उडाल्यामुळे चूक पकडायची जागाच नाहीशी झाली.

आणि पक्षकारांना मी नेहमी सांगतो, उत्तराच्या पोटातल्या मजकुराला पुरावा समजू नका. तो कोणालाही बदलता येतो, चुकूनसुद्धा. कामाची आहे ती आलेली मूळ मेल. ती डिलीट करू नका आणि भाषांतर केलेल्या स्क्रीनचा प्रिंट काढून फायलीला लावू नका.

पेडण्याचो पावस

पण वकिलांकडे त्यांची स्वतःची सेंट मेल आहेच की. त्यांनी ती उघडून बघायला हवी होती. सगळं ताईंच्या माथ्यावर का?

तांबडी माती

त्यांना बघता येतंच. रिप्लायमध्ये `In-Reply-To` आणि `References` अशा दोन ओळी असतात, त्यात मूळ मेलचा ओळख-क्रमांक असतो. मजकुराचं काहीही झालं तरी त्या शाबूत राहतात, म्हणून ताईंचं उत्तर त्यांच्याकडे योग्य मेलखालीच जाऊन बसलं असणार. पण हीच मेल त्यांनी पुढे सहकाऱ्याला फॉरवर्ड केली, तर त्या सहकाऱ्याकडे मूळ नसतं. त्याच्याकडे फक्त आतला मजकूर पोचतो.

हळदोण्याची

फॉरवर्ड केली आहे. त्यांच्या आजच्या मेलच्या सीसीमध्ये एक नवीन नाव आहे.

माती सर, एक करून पाहिलं. कुठल्या कुठल्या मेल अशा गेल्या हे शोधायला भाषांतर बंद करून सेंट उघडलं. दोन मराठीत आहेत. पण त्याआधी काही महिने मी इंग्रजी भाषांतर करत होते. एका मेलमध्ये खाली इंग्रजी आहे. ते वकिलांनीच इंग्रजीत लिहिलं होतं की यंत्राचं आहे, हे कसं ओळखू?

तांबडी माती

हा खरा धोक्याचा प्रकार. मराठी डोळ्यात खुपतं, इंग्रजी खुपत नाही.

सोपा उपाय असा, की इनबॉक्समधली त्यांची त्या तारखेची मेल उघडून ताडून बघा. ती नसेल, तर एक खूण शोधा. क्रोमचं पान-भाषांतर बदललेल्या मजकुराभोवती असं वेष्टण घालतं:

```
<font style="vertical-align: inherit;"><font style="vertical-align: inherit;">nickname</font></font>
```

दोन `font` एकात एक. हाताने मेल लिहिणारा कुणी असं लिहीत नाही. सेंटमधली मेल उघडा, तीन ठिपक्यांतून `Show original` घ्या आणि त्यात `vertical-align` शोधा. इथे नावाचा घोटाळा होतो, म्हणून सांगून ठेवतो: हे `Show original` म्हणजे भाषांतराआधीची मेल नव्हे. ते मेलचा कच्चा मजकूर दाखवतं, सगळ्या तांत्रिक ओळींसकट.

हळदोण्याची

शोधलं. इंग्रजी मेलमध्ये सापडलं, पाच ठिकाणी. म्हणजे तीही बदलून गेली होती. पण मराठी मेलमध्ये एकदाही सापडत नाही, आणि ती तर नक्की बदललेली आहे! खूण नसेल तर मी शोध चुकवते आहे का?

तांबडी माती

तुमचं चुकत नाही, माझं सांगणं अर्धवट राहिलं. त्या मराठी मेलच्या कच्च्या मजकुरात मध्ये `Content-Transfer-Encoding: base64` असं लिहिलेलं असेल, आणि खाली अर्थ न लागणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या ओळीच्या ओळी असतील. देवनागरी जास्त असली की पाठवताना मजकूर असा गुंडाळला जातो. त्या गुंडाळीत काहीच शोधता येत नाही, ना खूण ना मराठी. इंग्रजी मेल तशी गुंडाळली गेली नाही, म्हणून तिथे सापडलं. तिथेही ओळ 76 अक्षरांना तोडलेली असते, म्हणून पूर्ण वाक्य न शोधता `vertical-align` एवढंच शोधायला सांगितलं. तेही नेमकं ओळीच्या तुटीवर आलं तर निसटतं, म्हणून सापडलं तर खात्री, सापडलं नाही तर खात्री नाही.

गुंडाळलेल्या मेलसाठी ती साधी उघडा, खालच्या मजकुरावर राइट-क्लिक करून `Inspect` दाबा, तिथे वेष्टण दिसेल. पण मराठीच्या बाबतीत त्याचीही गरज नाही. लिस्बनचे वकील मराठी लिहीत नाहीत, एवढा पुरावा पुरे.

हळदोण्याची

हो, `base64` आहे.

रानमेवा

मग आता पुढे काय करायचं? ती मेल परत बोलावता येत नाही ना?

तांबडी माती

नाही, पोचलेली मेल परत येत नाही. जीमेलमधलं ‘अनडू’ पाठवल्यावर जास्तीत जास्त 30 सेकंद असतं, तेही मेल मुळात थांबवून ठेवलेली असते म्हणून.

ताई, मी असं करीन. आधी क्रोममध्ये भाषांतराच्या चिन्हावर जाऊन त्या खिडकीतल्या तीन ठिपक्यांतून `Never translate this site` निवडा, म्हणजे जीमेलच्या पानावर ते यंत्र पुन्हा आपणहून चालायचं नाही. मेलचं भाषांतर जीमेलच्याच पर्यायाने करा. मग वकिलांच्या प्रश्नांच्या मूळ मेलला नव्याने रिप्लाय द्या, तुमच्या बिघडलेल्या उत्तराला नको. ठिपके उघडून पोर्तुगीज दिसतंय याची खात्री करा आणि प्रत्येक प्रश्नाखाली पुन्हा लिहा. वर दोन ओळींत सांगा, की अमुक तारखेच्या उत्तरातला तुमच्या नावाखालचा मजकूर यंत्राचं भाषांतर होतं, तो धरू नये. त्या सहकाऱ्यालाही सीसी ठेवा. आणि ती मूळ मेल `Download message` करून `.eml` फाईल म्हणून जोडा, म्हणजे त्याच्या हाती मूळच पडेल.

जुनी सही, मडगाव

आणि पाठवायच्या आधी प्रश्नांचं पोर्तुगीज इथे टाक. नावं-गावं काढून. मी वाचून देतो.

पेडण्याचो पावस

काका, माझ्याकडेही आजोळचा एक कागद आहे, सालाझारच्या काळातला, स्टॅम्पपेपरवरचा. दाखवला तर चालेल?

जुनी सही, मडगाव

दाखव. पण फोटो सरळ काढ, कडेची टिपणं कापू नकोस. नोंदीतली दुरुस्ती कडेलाच लिहिलेली असते.

वास्को धक्का

साहेबांना तसं पाठवलं. वर माझं, मध्ये यंत्राचं, खाली मूळ. काही बोलले नाहीत, म्हणजे आवडलं.

एक शंका राहिली. आमच्या एका पोऱ्याने आउटलुक ब्राउझरमध्ये उघडून वर ब्राउझरचंच भाषांतर चालू ठेवलेलं असतं. त्यालाही ताईंसारखंच होईल का?

तांबडी माती

तत्त्वाने हो, कारण ते यंत्र पानाकडे बघतं, कोणाची मेल आहे याकडे नाही. पण मी तिथे करून पाहिलेलं नाही. त्याला स्वतःलाच एक मेल पाठवून बघायला सांगा आणि काय झालं ते इथे कळवा.

सुरंगी

घरमालकिणीला मेल गेली. माझ्या फोनवर यादीत मराठी नव्हती, इंग्रजीतून पाठवली. आता तिचं उत्तर आलं की ते कसं वाचायचं?

रानमेवा

वाचायच्या जागी, बाय. रिप्लाय दाबायच्या आधी.

हळदोण्याची

उशिरा लिहिते आहे. काकांनी मूळ प्रश्न वाचून दिले. तिन्ही त्यांनी सांगितले तसेच होते, फक्त पहिल्यात आणखी एक बारीक गोष्ट निघाली: आडनाव नोंदीत ज्या अक्षरांत आहे त्याच अक्षरांत हवं, आजच्या स्पेलिंगमध्ये नको. मराठीत ते पार गळून गेलं होतं.

माती सरांनी सांगितलं तसं नव्याने उत्तर दिलं. पोरोबो लिहिलं, शेजारी आजचं प्रभू. कोन्सेल्यो बार्देस, फ्रेगेझिया हळदोणे. `.eml` जोडली. पाठवायच्या आधी ठिपके दोनदा उघडून बघितले, पोर्तुगीज होतं. आज वकिलांचं उत्तर आलं, की आता समजलं, दोन्ही आडनावं एकाच माणसाची आहेत हे दाखवणारा कागद लागेल. तो शोधणं हे पुढचं काम. म्हाताऱ्या आत्याची पेटी उघडायला उद्या शिवोलीला जाते आहे.

सहकाऱ्याकडून मात्र काही आलं नाही. त्याने जुनी मेल फायलीला लावली की नवी, हे मला इथून कळायला मार्ग नाही. वकिलांना विचारलं आहे.

जुनी सही, मडगाव

पेटीत लग्नाची नोंद असेल तर आधी ती बघ. त्यात बहुधा दोन्ही पिढ्यांची नावं असतात. आणि वाळवी लागलेली पानं उलगडू नकोस, तशीच घेऊन ये.